साकवाचा अर्ज आणि ४० मिनिटांचा पेपर

प्रश्न: सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन शिकवते. लेखी परीक्षेऐवजी मुलांकडून प्रत्यक्ष काही करून घेऊन मार्क दिले तर चालतील का? की ते नुसतं नाटक होतं?

चालतील, पण पेपर पूर्ण बंद करू नका. मी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात सहावीला शिकवतो, आमच्याकडे काय झालं तेच सांगतो.

'ग्रामसभेची कार्ये लिहा' ह्या प्रश्नाला माझ्या वर्गात जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळायचे. मग एकदा त्याच मुलांना सांगितलं की आपल्या वाडीच्या पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, मोडलाय, पावसाळ्याआधी तो व्हायला हवा, तर कोणाला आणि कसा अर्ज कराल ते लिहा. पेपरात पहिला आलेल्या मुलाने थेट तहसीलदारांना अर्ज लिहिला, तीन जणांनी आमदारांना लिहिला आणि एकाने तर पोलीस पाटलांना. धडा सगळ्यांना पाठ होता, पण आपल्या कामासाठी कुठलं दार ठोठावायचं हे कळलेलं नव्हतं आणि पेपराने ते मला कधी दाखवलंच नव्हतं.

मग मी ते काम नीट बांधलं, चार तास जातात. पहिल्या तासाला मुलं ठरवतात की हे कोणाचं काम, दुसऱ्या तासापर्यंत घरून आणि वाडीतून माहिती आणतात (साकव कधी मोडला, रोज किती माणसं जातात, शाळेत यायला वळसा किती पडतो), तिसऱ्या तासाला प्रत्येकजण आपला अर्ज आपल्या हाताने वर्गातच लिहितो आणि चौथ्याला वर्गातच ग्रामसभा भरते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, सदस्य सगळं मुलंच, बाकीचे मतदार. गावात खरी ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला होते, त्यातली एखादी मुलांनी आधी बघितलेली असली तर फार फरक पडतो. आमच्या मुलींनी तर विचारलं की बायकांची वेगळी सभा आधी का घेतात, हे पुस्तकातून कधीच निघालं नसतं.

आता मार्कांचं. इथेच सगळं फसतं. पहिल्या वर्षी मी 'सादरीकरण' असा एक निकष ठेवला होता, २० पैकी ५ मार्क. एक मुलगा छान आवाजात बोलला, मी त्याला १८ दिले. तोच अर्ज शेजारच्या वर्गाच्या बाईंना नाव झाकून दिला, त्यांनी १३ दिले. दोघांनी बसून बघितलं तर साकवाचा खर्च ग्रामपंचायतीला झेपेल का ह्याचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता, मी आवाजाला मार्क दिले होते. तेव्हापासून ते पाच मार्क काढून टाकले. आता निकष चार, प्रत्येकी ५: योग्य कार्यालय, कारणाला पुरावा, मागणी शक्य आहे का, आणि अचानक विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. प्रत्येक निकषाला १, ३ आणि ५ म्हणजे काय हे आधी लिहून ठेवायचं आणि मुलांनाही सांगायचं. उदाहरणार्थ कार्यालयाच्या निकषात चुकीचं दार म्हणजे १, नुसतं 'ग्रामपंचायत' लिहिलं तर ३, आणि ग्रामसभेत ठराव करून खर्चासाठी तो जिल्हा परिषदेकडे पाठवा असं लिहिलं तर ५.

तो अचानक प्रश्न मात्र सोडू नका. घरी कुणी शिकवून पाठवलंय का, किंवा गटातल्या एकानेच सगळं केलंय का, ते तिथेच कळतं. मी प्रत्येकाला उभं करून विचारतो, ‘ग्रामपंचायतीकडे पैसे नाहीत, आता काय?’ पाठ करून आलेलं मूल अर्जातलंच वाक्य परत म्हणतं. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, पेपरात २० पैकी ११, वर्गात तोंड उघडत नाही, ती हळूच म्हणाली, ‘मग लोखंडी नको, तात्पुरता लाकडाचा करूया, वाडीतले लोक श्रमदान करतील, आणि ठराव वर पाठवायचाच.’ हिला एवढं समजलंय हे मला ११ मार्कांतून कसं कळणार होतं?

पण चार तास घालवून मी प्रकरणाचा फार तर एक कोपरा तपासला. सदस्य ७ ते १७, गणपूर्ती, पंचायत समिती कुठे बसते, ग्रामपंचायतीला पैसे कुठून येतात, हे साकवाच्या अर्जात येतच नाही. तिथे ४० मिनिटांचा पेपर बरा, सगळं प्रकरण चाळून होतं आणि दोन शिक्षकांनी तपासला तरी मार्क फारसे हलत नाहीत. म्हणून मी हे काम आकारिकमध्ये उपक्रम म्हणून धरतो, अर्ज फाईलला लावतो, वर्णनात्मक नोंदीला तो हाताशी पुरावा होतो, आणि संकलितला पेपर तसाच ठेवतो. फक्त 'कार्ये लिहा' काढून त्याजागी एक छोटा प्रसंग देतो: वाडीतला दिव्याचा खांब बंद आहे, अर्ज कोणाला आणि का.

वर्ग ४० च्या वर असेल तर चौथा तास पुरत नाही, तिथे अचानक प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, पाच मिनिटं पुरतात.