शब्दचर्चा : ‘वॉरंट’, ‘कॉल’ आणि ‘डायल्यूशन’

प्रश्न : लाभांशाचे ‘वॉरंट’ मला ठाऊक आहे. पण कंपनीने प्रवर्तकांना ‘वॉरंट’ दिली, अशी बातमी वाचली. हे म्हणजे बाजारातला कॉल ऑप्शनच ना? मग ‘डायल्यूशनमुळे वॉरंटचे मोल कॉलपेक्षा कमी’ असे का म्हणतात, आणि या ‘डायल्यूशन’ला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : ‘वॉरंट’, ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ हे तिन्ही शब्द एकाच कुळातले असून त्यांच्या मुळाशी ‘हमी’ हा अर्थ आहे. न्यायालयीन मराठीत वॉरंटला ‘अधिपत्र’ म्हणतात आणि अटकेच्या संदर्भात तो शब्द चपखल बसतो, कारण तेथे एखाद्याला अधिकार दिलेला असतो. आपल्या ओळखीचे लाभांशाचे वॉरंटही याच घरातले. आमच्याकडे आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत अशा वॉरंटांच्या अर्धुकांचा गठ्ठा होता. छिद्रांच्या रेघेवर फाडून एक भाग बँकेत भरायचा आणि दुसरा जपून ठेवायचा. त्या कागदावर कंपनी पैसे देण्याची हमी देत असे. प्रवर्तकांना मिळते ते वॉरंट हेही कंपनीचेच वचन आहे, मात्र ते पैशांचे नसून शेअरचे असते : ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम भरल्यास कंपनी नवा शेअर काढून देईल. म्हणून या अर्थी ‘अधिपत्र’ न म्हणता ‘वॉरंट’च ठेवावे, असे माझे मत आहे.

‘कंपनीचे वचन’ या दोन शब्दांतच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. राष्ट्रीय शेअर बाजारात तुम्ही एखाद्या कंपनीचा कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाने तिचा शेअर घेण्याचा हक्क, विकत घेता तेव्हा तो विकणारा तुमच्यासारखाच कोणी गुंतवणूकदार असतो आणि कंपनीला त्या सौद्याची खबरही नसते. तुम्ही हक्क बजावलात, तर तो आधीच अस्तित्वात असलेला शेअर तुम्हाला देतो. जेवढा तुमचा नफा तेवढा त्याचा तोटा, आणि कंपनीच्या शेअरांची संख्या होती तेवढीच राहते. वॉरंटमध्ये समोरचा पक्ष खुद्द कंपनी असते. हक्क बजावला की कंपनीच्या तिजोरीत पैसे येतात आणि नवे शेअर जन्माला येतात. नफा येथेही कोणाच्या तरी पदरातून जातो, पण तो एका विक्रेत्याच्या पदरातून न जाता सगळ्या जुन्या भागधारकांच्या पदरातून थोडाथोडा जातो. नव्या शेअरांमुळे जुन्यांचे असे कमी होणे, यालाच ‘डायल्यूशन’ म्हणतात.

एक कल्पित कंपनी घेऊन हिशेब मांडतो. तिचे १ कोटी शेअर आहेत. प्रवर्तकांना तिने २५ लाख वॉरंट दिली, शेअरमागे भाव १०० रुपये ठरला, त्यांतले २५ रुपये आधीच भरून घेतले आणि ७५ रुपये हक्क बजावताना द्यायचे राहिले. पुढे धंदा वाढला आणि मुदत संपण्याच्या दिवशी, मिळालेली आगाऊ रक्कम धरून, भागधारक व वॉरंटधारक यांचे मिळून कंपनीतले मूल्य १५० कोटी रुपये झाले. हक्क बजावल्यावर २५ लाख गुणिले ७५ म्हणजे १८.७५ कोटी रुपये आत येतात, मूल्य १६८.७५ कोटी होते आणि शेअर सव्वा कोटी होतात. भागाकार केल्यास प्रत्येक शेअर १३५ रुपयांचा ठरतो. वॉरंटधारकाला ७५ रुपयांत १३५ रुपयांची वस्तू मिळाली, म्हणजे त्या दिवशी वॉरंटचे मोल ६० रुपये. १५० कोटींना जुन्या १ कोटी शेअरांनी भागून कोणी ‘शेअर १५० रुपयांचा, तेव्हा वॉरंट ७५ रुपयांचे’ असे म्हटले, तर ते चुकेल. त्या ७५ रुपयांना जुने शेअर भागिले एकूण शेअर, म्हणजे ०.८ ने गुणले की बरोबर ६० येतात. वॉरंट कॉलपेक्षा कमी मोलाचे असल्याची समजूत या ०.८ वरून आलेली आहे.

आता त्याच दिवशी बाजारात शेअरचा भाव काय असेल, हे पाहावे. वॉरंट दिल्याचे सर्वांना ठाऊक आहे आणि ती बजावली जाणार हेही उघड आहे. अशा वेळी शेअरला १५० रुपये कोणीही देणार नाही, कारण उद्या तो १३५ रुपयांचा होणार आहे. भाव आजच १३५ असेल. पडताळा सोपा आहे : १ कोटी शेअर १३५ रुपयांनी १३५ कोटींचे आणि २५ लाख वॉरंट ६० रुपयांनी १५ कोटींची, बेरीज १५० कोटी. याच शेअरवर ७५ रुपये स्ट्राइकचा, म्हणजे ७५ रुपये भरून शेअर घेता येईल असा, कॉल कोणाजवळ असेल, तर त्यालाही त्या दिवशी १३५ वजा ७५ म्हणजे ६० रुपयेच मिळतील. स्ट्राइक तीच, मुदत तीच आणि शेअर तोच असेल, तर वॉरंट आणि कॉल एकाच मोलाचे असतात. डायल्यूशन खरे आहे, पण ते शेअरच्या भावात आधीच उतरलेले असते.

येथेच सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या जाणकारांच्या टिपणांतही मी पाहिल्या आहेत. बाजारातला १३५ रुपयांचा भाव घ्यायचा, त्यातून ७५ वजा करायचे आणि वर पुन्हा ०.८ ने गुणायचे. उत्तर ४८ येते. डायल्यूशन दोनदा मोजले गेले आणि वॉरंटमागे १२ रुपये, म्हणजे २५ लाख वॉरंटांवर ३ कोटी रुपये, हिशेबातून गळाले. चूक ओळखण्याची खूण वरच्या पडताळ्यातच आहे : शेअर आणि वॉरंट यांच्या मूल्यांची बेरीज एकूण मूल्याशी जुळली पाहिजे. ४८ रुपये धरल्यास ती १४७ कोटींवरच थांबते.

मुदत शिल्लक असताना हेच नाते १९७८ साली गलाई आणि श्नेलर यांनी मांडलेल्या रीतीने लिहितात :

```
W = N/(N+M) × C(S + (M/N)×W, K)
```

येथे W म्हणजे वॉरंटचे मोल, N जुने शेअर, M वॉरंट, S शेअरचा बाजारभाव, K भरायची उरलेली रक्कम आणि C म्हणजे ब्लॅक-शोल्ससारख्या रीतीने काढलेली कॉलची किंमत. W दोन्ही बाजूंना आहे, म्हणून अंदाजे आकडा घालून उत्तर स्थिर होईपर्यंत पुन्हापुन्हा काढावा लागतो. गुणक बाहेर आहे, तसे कंसातल्या शेअरच्या भावात वॉरंटांचे मोल परत मिळवलेलेही आहे, हे ध्यानात घ्यावे. ‘दोनदा मोजणे’ म्हणजे कंसातली ही भर विसरून बाहेरचा गुणक तेवढा लावणे. शिवाय या सूत्रात भावातली चढउतारही शेअरची नव्हे, तर शेअर व वॉरंट मिळून होणाऱ्या एकूण मूल्याची घ्यायची असते. उलट थेट शेअरचा भाव आणि शेअरचीच चढउतार घेऊन साधा कॉल म्हणून किंमत काढली, तरी उत्तर बहुधा फारसे दूर जात नाही.

वॉरंट मोजकी असतील, तर हा वाद जवळपास निरर्थक ठरतो. मुंबईच्या एचडीएफसी लिमिटेडने ऑगस्ट २०२० मध्ये रोख्यांबरोबर सुमारे १ कोटी ७० लाख वॉरंट काढली. प्रत्येकाची किंमत १८० रुपये होती आणि ३६ महिन्यांत २,१६५ रुपये भरून शेअर घ्यायचा होता. कंपनीचे शेअर तेव्हा १७० कोटींहून अधिक होते, म्हणजे वॉरंटांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास. तेथे तीन वर्षांत भाव किती हलेल, या अंदाजातली लहानशी चूकही डायल्यूशनच्या सगळ्या हिशेबापेक्षा मोठी ठरते.

तुम्ही वाचलेल्या बातमीतली वॉरंट वेगळ्या नियमांखाली येतात. सेबीच्या नियमांप्रमाणे प्राधान्याने दिलेल्या वॉरंटची मुदत फार तर १८ महिने असते, किमान २५ टक्के रक्कम आगाऊ भरावी लागते आणि हक्क बजावला नाही, तर ती जप्त होते. किमान भावही बाजारातल्या अलीकडच्या सरासरीवरून ठरतो. बातमीत ‘१०० रुपयांची वॉरंट’ असे छापून येते आणि वाचणारा १०० हीच स्ट्राइक धरतो. वस्तुतः २५ रुपये तर गेलेलेच आहेत आणि स्ट्राइक ७५ आहे. शेअर १०० रुपयांना असताना प्रवर्तकाने २५ रुपये भरले, म्हणजे भाव आणि स्ट्राइक यांतले अंतर तेवढे भरले. उरलेले ७५ रुपये दीड वर्षाने देण्याची सवलत आणि भाव कोसळल्यास बाजूला होण्याची मुभा, या दोन गोष्टींचे त्याने काहीही दिले नाही. ७ टक्के व्याज धरल्यास पहिल्या सवलतीचेच मोल सुमारे सव्वासात रुपये होते. अधल्यामधल्या काळातला लाभांश त्याला मिळत नाही, आणि अशी वॉरंट सहसा विकता येत नसल्याने सूत्राचा आकडा थोडा जास्तच येतो. तरीही जुन्या भागधारकांकडून काहीतरी गेले, हे नक्की.

आता ‘डायल्यूशन’. कोशांत ‘सौम्यीकरण’ किंवा ‘विरलीकरण’ सापडते आणि शाळेतल्या विरल आम्लामुळे ते ओळखीचेही वाटते, पण या विषयात ते दिशाभूल करते, असे मला मनापासून वाटते. विरल करताना आपण नुसते पाणी ओततो. वॉरंटधारक मात्र पाणी घेऊन येत नाही, पैसे घेऊन येतो. आपल्याकडे ‘वाटेकरी वाढणे’ हा सरळ शब्दप्रयोग आहे, आणि शेअरला ‘वाटा’ म्हणणाऱ्या भाषेत तो अधिक नेमका बसतो. पंगतीत नवा माणूस आपला पुरेसा शिधा घेऊन आला, तर पंगत लांबते पण कोणाचे पान कमी होत नाही. शिधा अपुरा आणला, तरच कमी होते. वरच्या कंपनीत जुन्यांचा हिस्सा १०० टक्क्यांवरून ८० वर आला, ही एक गोष्ट, आणि वॉरंटचे मोल १५ कोटी असताना आगाऊ फक्त ६.२५ कोटी आले होते, म्हणून शेवटी जुन्यांचे ८.७५ कोटी गेले, ही दुसरी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत पहिलीला ‘हिस्साघट’ आणि दुसरीला ‘मूल्यघट’ म्हणावे, असे मी सुचवीन. पूर्ण मोल घेऊन वॉरंट दिली, तर हक्क बजावल्यावर हिस्साघट होईल, पण वॉरंट दिल्यामुळे मूल्यघट होणार नाही. ‘डायल्यूशनमुळे वॉरंट स्वस्त’ या वाक्यात या दोहोंपैकी कोणती घट अभिप्रेत आहे, हे बहुतेक वेळा लिहिणाऱ्यानेच ठरवलेले नसते.