सरांना मेसेज लिहायचाय, पण नेमका काय?

‘मुलीच्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालंय. सर म्हणतात, एक्स-रेत तर काही दिसत नाही. मेसेज कडक लिहिला तर तिला टीममधून काढतील, मवाळ लिहिला तर लगेच पळवतील, अशी भीती वाटते. काय लिहू?’

माझ्याकडे 15 वर्षांची एक मुलगी यायची, 800 मीटर धावणारी. तिच्या आईने सरांना पहिल्यांदा एवढंच कळवलं होतं: ‘डॉक्टरांनी 6 आठवडे विश्रांती सांगितली आहे, नंतर हलका सराव करेल.’ सातव्या आठवड्यात सरांनी हलका सराव दिला, म्हणजे मैदानाच्या 5 फेऱ्या. त्यांच्या दृष्टीने तो हलकाच होता. मुलीने दात-ओठ खाऊन फेऱ्या पुऱ्या केल्या आणि आठवड्याभरात नडगीच्या आतल्या कडेला तीच बोटभर जागा पुन्हा दुखायला लागली. दोष सरांना देता येईना, कारण ‘हलका’ म्हणजे किती, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पुन्हा विश्रांती झाली, डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली, तेव्हा मुलगी, आई आणि मी एकत्र बसून मेसेज लिहिला. योजना डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टची होती, शब्द बरेचसे मुलीचे.

‘नमस्कार सर. पायाला एकदम मार लागून हाड मोडतं, तसं हे नाही. रोजच्या धावण्याच्या ताणाने हाडाला आतून इजा झाली आहे. सुरुवातीला ती एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. हिची एमआरआयमध्ये दिसली. आता चालताना आणि जागा दाबल्यावर दुखत नाही, म्हणून पुढच्या सोमवारपासून पळायला परवानगी आहे.

पहिले 2 आठवडे एक दिवसाआड: 1 मिनिट सावकाश पळणं, 2 मिनिटं चालणं, असं 7 वेळा, सपाट मैदानावर. पुढचे 2 आठवडे 2 मिनिटं पळणं, 1 मिनिट चालणं. त्यानंतर सलग 15 मिनिटं. उड्या, चढ आणि स्प्रिंट तोवर नाहीत. वेग सगळ्यात शेवटी. मधल्या दिवशी ती पोहेल किंवा सायकल चालवेल. पळताना किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी दुखलं तर पळणं बंद, दुखणं पूर्ण गेल्यावर मागच्या टप्प्यापासून सुरू. ती थांबते म्हणाली तर कृपया थांबू द्या. तोपर्यंत स्पर्धेसाठी तिचं नाव धरू नका. पण ती रोज मैदानावर येईल. वेळ नोंदवायचं काम तिला द्याल का?’

शेवटच्या वाक्यावर मुलगी अडून बसली होती. दुखण्यापेक्षा जास्त तिला टोचत होतं ते मैदानाबाहेर राहणं. त्यापायी ती दुखणं लपवायची, पेनकिलर घेऊन सरावाला जायची. गोळीने दुखणं दबतं आणि थांबायची खूणच हरवते, म्हणून ती आधी बंद केली.

एवढं सावकाश का, हे सरांनी विचारलंच. दम आणि स्नायू काही आठवड्यांत परत येतात. हाड मात्र आधी खराब झालेला भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं भरतं. ते पक्कं व्हायला महिने लागतात. म्हणजे मुलाला ‘आता मी पळू शकतो’ असं वाटतं तेव्हा हाड मागेच असतं. धोका नेमका त्या आठवड्यांत.

मेसेजमध्ये एक गोष्ट मुद्दाम घातली नाही. तिची पाळी 4 महिने आली नव्हती. खाणं सरावाला पुरत नसलं की असं होऊ शकतं आणि हाडही कमजोर होतं. ते डॉक्टरांना सांगणं गरजेचंच होतं, आणि तिचं खाणं वाढवणं हा उपचाराचा भाग होता. पण सरांना सांगायचं की नाही, हे तिने ठरवायचं. ती नको म्हणाली. तुमच्या मुलीलाही हे एकदा शांतपणे विचारा.

वरचे आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नका. इजा नडगीच्या पुढच्या कडेला असेल तर ती भरायला जास्त वेळ लागतो आणि योजनाच वेगळी होते. टप्पे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मुलीला शेजारी बसवून मेसेज लिहा.

त्या मुलीचं तिसऱ्या आठवड्यात पुन्हा थोडं दुखलं. चौथ्या वेळी पळताना ती थांबली, सरांकडे गेली आणि बोटाने जागा दाखवली. सरांनी वहीत तारीख लिहिली आणि स्टॉपवॉच तिच्या हातात दिलं. 5 दिवसांनी ती पुन्हा 1 मिनिट पळणं, 2 मिनिटं चालणं यावर आली.