पहिल्या आठवड्यातलं वजन म्हणजे पाणी, चरबी नाही

प्रश्न: लो कार्बवर पहिल्या आठवड्यात ३ किलो गेले, आता दहा दिवस काटा हलत नाहीये. माझं काय चुकतंय?

काहीच चुकत नाहीये. मी ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका जिममध्ये हेच केलं होतं, पोळी-भात बंद, अंडी, पनीर, भाज्या. सहा दिवसांत ८२.४ वरून ७९.१. ट्रेनरने बोर्डावर माझं नाव लिहिलं, "३.३ किलो फॅट लॉस". नंतर डोंबिवलीला मावसबहिणीचं लग्न, दोन दिवस मसालेभात, पुरी, श्रीखंड, आणि सोमवारी काटा ८१.२. ट्रेनर सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, सगळी मेहनत पाण्यात घातलीत." मी रडत घरी आले.

मग शांतपणे हिशोब केला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. माझं शरीर दिवसाला दोन हजारांच्या आसपास जाळतं, म्हणजे सहा दिवस पूर्ण उपाशी राहिले असते तरी दीड किलोच चरबी गेली असती. मी तर रोज चौदाशे खात होते. म्हणजे खरी चरबी गेली जेमतेम अर्धा किलो, आणि लग्नाच्या दोन दिवसांत दोन किलो चरबी चढणंही तितकंच अशक्य.

बाकीचं कुठे गेलं? यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कार्बपासून बनलेली राखीव साखर, साठलेलं असतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी. कार्ब बंद केले की हा साठा वापरला जातो, पाणी सुटतं, शिवाय इन्सुलिन उतरलं की किडनी मीठ बाहेर टाकते आणि त्याच्यामागे आणखी पाणी जातं, म्हणून तर पहिले तीन-चार दिवस सारखं लघवीला जावं लागतं, डोकं दुखतं, रात्री पोटरीत गोळे येतात. भात परत खाल्ला की साठा भरतो, पाणी परत येतं. यात चीटिंग कुठे आहे?

माझी कंबर बेंबीपाशी त्या आठवड्यात ९४ची ९४च होती, ट्रेनरने टेप कधी लावलाच नाही. तुम्ही लावा, पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर. वजन रोज केलंत तर सात दिवसांची सरासरी बघा आणि पहिला आठवडा हिशोबातच धरू नका. बाई असाल तर पाळीच्या आधी पाणी धरतं, तेव्हाचा काटा सोडून द्या. कंबर कमी होतेय आणि काटा थांबलाय तर डाएट चालूच ठेवा. महिनाभर दोन्ही जागेवर असतील तर मात्र खाणं जास्त होतंय, पनीर आणि शेंगदाणे मोजून घ्या.

आणि हो, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब एकदम तोडू नका, शुगर किंवा बीपी फार खाली जाऊन चक्कर येऊ शकते. आम्हाला त्या जिममध्ये कुणी गोळ्यांबद्दल साधं विचारलंही नव्हतं, आणि बोर्डावर मात्र "फॅट लॉस" लिहिलं. तिथे "पाणी" लिहायला हवं होतं, हे मी त्याला तोंडावर सांगून आले आणि उरलेले दोन महिने गेलेच नाही.