दोन-दोन तपासून भागत नाही

*वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंच्या आयगेनस्पेसची बेरीज डायरेक्ट सम का असते? आणि मॅट्रिक्स डायगोनलायझेबल असेल तर त्यांच्या डायमेन्शनची बेरीज n का येते?*

या प्रश्नावर मी एम.एस्सी.ला असताना अंतर्गत परीक्षेत 10 पैकी 4 गुण घेतलेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आमच्या सरांनी फळ्यावर दोन ओळींत संपवलं होतं: एकच शून्येतर व्हेक्टर दोन आयगेनव्हॅल्यूंचा असू शकत नाही, म्हणून कुठल्याही दोन आयगेनस्पेसमध्ये शून्याखेरीज सामाईक काही नाही, म्हणून डायरेक्ट सम. यातला दुसरा 'म्हणून' चुकीचा आहे. प्रतलात x-अक्ष, y-अक्ष आणि y=x ही रेषा घ्या. कुठल्याही दोन रेषा फक्त शून्यात भेटतात, तरी (1,1) = (1,0) + (0,1). म्हणजे एकच व्हेक्टर दोन तऱ्हेने लिहिता आला, मग डायरेक्ट सम कसली?

मी पेपरात खरी सिद्धता लिहिली. तीन आयगेनव्हॅल्यू धरू, λ1, λ2, λ3, आणि v1 + v2 + v3 = 0, प्रत्येक v आपापल्या आयगेनस्पेसमधला. दोन्ही बाजूंना (A − λ3I) लावा. v3 गळतो, v1 ला (λ1 − λ3) ने गुणलं जातं, v2 ला (λ2 − λ3) ने. मग (A − λ2I) लावा, v2 ही गळतो. उरतं ते (λ1 − λ2)(λ1 − λ3)v1 = 0. कंसातले आकडे शून्य नाहीत, म्हणून v1 = 0. बाकीच्यांचंही असंच. आयगेनव्हॅल्यू कितीही असोत, एकेकाला गाळत जायचं. सरांनी या अर्ध्या पानावर लाल रेघ मारून 'अनावश्यक' असा शेरा दिला.

ही गाळणी नुसती सिद्धतेपुरती नाही. हे मॅट्रिक्स बघा:

```
3 1 1
1 3 1
1 1 3
```

आयगेनव्हॅल्यू 5 आणि 2. पाचाची स्पेस (1,1,1) ची रेषा, दोनाची x+y+z=0 हे प्रतल. (4,1,1) मधला पाचाचा भाग हवा तर (A − 2I) लावून 5 − 2 म्हणजे 3 ने भागा: (2,2,2). उरलेला (2,−1,−1), बेरीज शून्य, म्हणजे प्रतलात. डायमेन्शन 1 + 2 = 3.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वेगळा आहे, आणि लोक तो पहिल्यात मिसळतात. बेरीज डायरेक्ट असणं नेहमीच खरं, डायगोनलायझेबल असो वा नसो. म्हणूनच डायमेन्शनची बेरीज कधी n च्या वर जात नाही. डायगोनलायझेबल असेल तर n आयगेनव्हेक्टरांचा बेसिस मिळतो. त्यातला प्रत्येक कुठल्या ना कुठल्या आयगेनस्पेसमध्ये बसतो आणि एका स्पेसमध्ये तिच्या डायमेन्शनपेक्षा जास्त मावत नाहीत, म्हणून बेरीज n च्या खालीही येत नाही. झालं.

नसेल तर काय होतं?

```
5 0 0
0 2 1
0 0 2
```

कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनोमियल वरचंच, (λ−5)(λ−2)². पण B − 2I ची रँक 2 आहे, म्हणून दोनाच्या स्पेसचं डायमेन्शन 3 − 2 = 1. वरच्या A − 2I ची रँक 1 होती, म्हणून तिथे 2 मिळालं. इथे एकूण 1 + 1 = 2. बेरीज डायरेक्टच आहे, फक्त सगळी जागा भरत नाही. (0,0,1) त्याच गाळणीत घाला: (B − 2I) लावून 3 ने भागलं की (0, 1/3, 0) येतो, आणि तो पाचाच्या स्पेसमध्ये नाहीच. गाळणी फसली की समजायचं, मॅट्रिक्स डायगोनलायझेबल नाही. पॉलिनोमियलमधला घात बघून डायमेन्शन ठरवू नका, रँक काढा.

हे सगळं आयगेनव्हॅल्यू मिळत असतील तर. 90 अंशांच्या रोटेशनला वास्तव संख्यांत एकही आयगेनव्हॅल्यू नाही, बेरीज 0. कॉम्प्लेक्समध्ये i आणि −i मिळतात, मग 1 + 1 = 2.

आणि हो, आयगेनव्हॅल्यू दोनच असतील तर सरांच्या ओळी बरोबर आहेत. हे तेव्हा मी कबूल केलं नव्हतं.

तीन रेषा घेऊन मी स्टाफरूममध्ये गेलो, तर सर म्हणाले, "पण या एका मॅट्रिक्सच्या आयगेनस्पेस आहेत का?" मी गप्प बसलो. आज उत्तर आहे. नाहीत, सर. (1,0) आणि (0,1) च्या आयगेनव्हॅल्यू λ1 आणि λ2 असतील तर (1,1) जातो (λ1, λ2) वर, आणि तो y=x वर राहायचा तर λ1 = λ2 लागतं. पण हे दाखवायला A लावून बघावंच लागलं ना? तुम्ही खोडलेल्या अर्ध्या पानात तेवढंच तर केलं होतं.