आबांचा समुद्र: तुझ्या कथेबद्दल

चिरंजीव,

तुझी कथा दोनदा वाचली. सारंगखेड्याचा पंधरा वर्षांचा पोरगा घरात कुणाला न सांगता आजोबांना समुद्र दाखवायला निघतो, इथपर्यंत मी तुझ्याबरोबर होतो. मग तू आबांना मुंबईच्या चौपाटीवर नेऊन बसवलंस आणि माझं मन उडालं. अरे, ज्याचा जन्म तापीकाठी गेला त्याला मुंबई कशाला? तापी सुरतेपलीकडे डुमसपाशी समुद्राला मिळते. दोंडाईचाला गाडीत बसलं की नंदुरबार, नवापूर, व्यारा करत सुरत येते. आबांना त्यांच्या नदीमागेच जाऊ दे.

आता गुपिताचं. 'त्याने गुपचूप सगळी तयारी केली' या एका वाक्यात तू अर्धी कथा गिळलीस. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ना? मग दोंडाईचापर्यंत एसटीत त्यांना पैसे पडत नाहीत. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात प्रवास मोफत आहे. पण वाहक वयाचा पुरावा मागणार आणि आधार कार्ड बापाच्या कपाटात. ते कपाट उघडण्याचा प्रसंग सावकाश लिही, किल्लीचा आवाजसुद्धा येऊ दे. रेल्वेत तू आबांना सवलतीचं तिकीट दिलंस. ती सवलत मार्च २०२० मध्येच बंद झाली. ही चूक खोडू नकोस, पोराच्या गळ्यात घाल. तिकीटखिडकीशी त्याचे पैसे कमी पडतात, मागे रांग खोळंबते आणि आबा बंडीच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढतात. त्या नोटा त्यांनी का आणल्या होत्या, ते सांगू नकोस.

नवापूरचं स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. एवढी गंमत आबांना खिडकीतून बघू दे, परिच्छेद खर्चू नकोस.

तुझा समुद्र मात्र फार आज्ञाधारक आहे, पोहोचताक्षणी समोर हजर! त्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. ओहोटीला पाणी लांब सरतं आणि समोर काळपट वाळू नि चिखल उरतो. पोरगा गाडीचं वेळापत्रक पाठ करेल, भरतीचं त्याच्या डोक्यातही येणार नाही. म्हणून ते पोहोचतील तेव्हा ओहोटी असू दे. पाणी पुरतं चढायला सहाएक तास लागतात आणि परतीची गाडी त्याआधीची आहे. थांबायचं तर रात्र बाहेर काढावी लागेल आणि घरी सगळं उघडं पडेल. आबा चिखलाकडे बघत एवढंच विचारतात, "आपली तापी आठेच येस का?" अहिराणी तेवढीच, त्यांच्याच तोंडी, निवेदनात पेरू नकोस. थांबायचं की निघायचं, ते पोराला ठरवू दे.

आणि हो, आधार कार्ड परत कपाटात कोण ठेवतं? पुढच्या खर्ड्यात ते सापडलं नाही तर कथा पुन्हा परत येईल.

तुझे,
सर