रीजन ग्रोइंग: थ्रेशोल्ड तोच, पण तुलना कोणाशी?

प्रश्न: खालच्या ग्रिडवर दुसऱ्या ओळीतला ५४ हा सीड आणि थ्रेशोल्ड ६ घेतला. माझ्या कोडमध्ये ७ पिक्सेल येतात, पण cv2.floodFill ला loDiff आणि upDiff दोन्ही 6 दिले की अख्खं चित्रच रंगतं. चूक कुठे आहे?

```
५०  ५२  ९०  ९१
५१  ५४  ८८  ८६
५३  ५७  ६५  ८०
५५  ६२  ६८  ७४
```

उत्तर: तुमचा कोड बरोबर आहे आणि ओपनसीव्हीही बरोबर आहे. दोघं ६ चा फरक वेगवेगळ्या गोष्टीशी मोजतात, एवढंच.

तुम्ही प्रत्येक पिक्सेलची तुलना सीडशी करताय. म्हणजे ४८ ते ६० मधलं काहीही चालेल, फक्त ते वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे आधीच्या भागाला चिकटलेलं हवं. ५४ पासून ५२, ५१ आणि ५७ मिळतात, त्यांच्यामार्फत ५०, ५३ आणि ५५. ६२ चा सीडशी फरक ८, म्हणून वाढ तिथे थांबते. सीड धरून ७ पिक्सेल.

floodFill मात्र मुळात शेजाऱ्याशी तुलना करतं: ज्या आत आलेल्या पिक्सेलवरून आपण पुढे जातोय, त्याच्याशी. आता खालच्या बाजूने चालून बघा: ५७, ६२, ६८, ७४, ८०, ८६, ८८. एकाही पावलाचा फरक ६ च्या वर जात नाही. ५४ आणि ८८ यांच्यामधली कड इतकी ठळक असूनही काही उपयोग होत नाही, कारण भाग तिला वळसा घालून मागून आत शिरतो. ६५ सुद्धा ५७ कडून येत नाही (फरक ८), पण ६८ कडून येतो. सोळाच्या सोळा पिक्सेल आत. यालाच गळती म्हणतात, आणि सावली किंवा असमान प्रकाश असलेल्या चित्रांत ती हमखास होते. तुमच्यासारखं उत्तर हवं असेल तर फ्लॅग द्या:

```
cv2.floodFill(img, None, (1, 1), 255, 6, 6,
              4 | cv2.FLOODFILL_FIXED_RANGE)
```

गळती ओळखायला मी थ्रेशोल्ड एकेकाने वाढवून पिक्सेल मोजतो. शेजाऱ्याच्या नियमाने ५ ला ८ पिक्सेल येतात आणि ६ ला एकदम १६. अशी उडी दिसली की कुठेतरी वाट फुटली समजायचं. सीडच्या नियमाने ४ पासून ७ पर्यंत आकडा ७ वरच राहतो, आणि असा सपाट टप्पा सापडला तर थ्रेशोल्ड त्यातलाच घ्यावा.

पण सीडशी तुलना केली की सगळं सीडच्या निवडीवर अवलंबून राहतं. ५४ ऐवजी त्याच्या खालचा ५७ घ्या. मर्यादा आता ५१ ते ६३. पिक्सेल पुन्हा ७ च, पण कोपऱ्यातला ५० बाहेर गेला आणि ६२ आत आला. नुसते आकडे जुळवणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही, म्हणून मास्क डोळ्यांनी बघाच.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे भागाच्या चालू सरासरीशी तुलना. ५७ पासून वर, डावीकडे, खाली, उजवीकडे या क्रमाने शेजारी तपासले तर ५४ आणि ५३ आत येतात, सरासरी ५४.६७ होते आणि ६२ ला ७.३३ च्या फरकाने नकार मिळतो. शेवटी ५४ वाल्या सीडचेच ७ पिक्सेल हाती येतात, सरासरी ५३.१४. आता क्रम खाली, उजवीकडे, वर, डावीकडे करा. आधी ६२ येतो, सरासरी ५९.५. मग ६५ येतो (फरक ५.५), सरासरी ६१.३३. आणि आता ५४ ला ७.३३ च्या फरकाने दार बंद! भाग ५७, ६२, ६५ या तीन पिक्सेलवर संपतो. चित्र तेच, सीड तोच, थ्रेशोल्ड तोच, फक्त लूपमधला क्रम बदलला.

म्हणून सरासरी वापरायची असेल तर साधी रांग नको. सीमेवरच्या सगळ्या उमेदवारांतून दर वेळी सरासरीच्या सर्वांत जवळचा उचला. इथे आधी ५४, मग ५३, मग ५५ येतो. तोवर सरासरी खाली सरकते आणि सुरुवातीला ५ वर असलेला ६२ चा फरक वाढत वाढत ८.८६ होतो. ॲडम्स आणि बिशोफ यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत याच क्रमावर उभी आहे. तिथे अनेक सीड एकाच वेळी वाढतात आणि थ्रेशोल्ड लागतच नाही, कारण प्रत्येक पिक्सेल कुठल्या ना कुठल्या भागात जातोच. तुमच्याकडे एकच सीड आहे, त्यामुळे थांबवायला थ्रेशोल्ड ठेवावाच लागेल.

वजाबाकीआधी पिक्सेल int मध्ये बदलून घ्या. uint8 मध्ये ५० वजा ५४ चं उत्तर २५२ येतं, आणि मग सीडपेक्षा गडद पिक्सेल कधीच आत येत नाहीत. भाग फक्त उजळ बाजूलाच वाढताना दिसला तर आधी हेच तपासा.