अंतिम वर्षाचा प्रकल्प: गोषवारा परत का येतो?

प्रश्न: प्रस्तावाचा गोषवारा किती शब्दांचा असावा?

साधारण अडीचशे शब्द पुरतात. विभागाने नमुना दिला असेल तर तोच पाळावा.

प्रश्न: 'आयओटीद्वारे खाजन शेतीचे स्मार्ट व्यवस्थापन' हे माझे समस्याविधान मार्गदर्शकांनी परत केले. चुकले काय?

त्यात समस्याच नाही, उपाय तेवढा आहे. दर वर्षी असे गोषवारे ढिगाने येतात. खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेती, आणि मानस म्हणजे त्या बांधातले झडपेचे दार. तेव्हा त्याऐवजी असे लिहिता येईल: 'मानशीची झडप नीट मिटत नसेल तर भरतीचे खारे पाणी शेतात झिरपते आणि रोपे करपेपर्यंत शेतकऱ्याला ते कळत नाही. मानशीच्या आतल्या पाण्याची विद्युतवाहकता दर पंधरा मिनिटांनी मोजून ही गळती त्याच भरतीत ओळखता येते का, हे आम्ही तपासणार आहोत.' आता बिघाड कोणता, मोजायचे काय आणि प्रकल्प फसला हे कशावरून ठरवायचे, हे तिन्ही परीक्षकाला दिसते.

प्रश्न: व्याप्तीत झडप आपोआप उघडणारी मोटरही घालू का?

घालू नये. मानशीची झडप पाण्याच्या दाबानेच उघडते आणि मिटते. एक मानस, आत-बाहेर एकेक संवेदक आणि भ्रमणध्वनीवर इशारा एवढीच व्याप्ती ठेवावी, आणि तिथे काहीही बसवण्यापूर्वी खाजनाची देखभाल पाहणाऱ्या कूळ संघटनेची लेखी परवानगी घ्यावी.

प्रश्न: वेळापत्रकात प्रत्यक्ष मोजणीसाठी एक आठवडा ठेवला आहे. सीनियर म्हणतात पुरेल. पुरेल का?

पुरणार नाही, आणि सीनियरांच्या सांगण्यावर वेळापत्रक बेतू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची; हे चक्र साधारण पंधरा दिवसांचे असते. तुमचा आठवडा भांगात पडला तर पाणी पुरेसे चढणार नाही, गळती दिसणार नाही आणि गळकी मानस धडधाकट असल्याचा निष्कर्ष तुम्ही छापून मोकळे व्हाल. म्हणून किमान दोन पंधरवडे सलग मोजणी हवी. तीही पावसात नको, कारण तेव्हा नदीलाच गोडे पाणी असते आणि गळती असली तरी वाहकता फारशी वाढत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रयोगशाळेत प्रमाण द्रावणाने संवेदकाचे अंशांकन करावे, नोव्हेंबरात तो बसवावा, डिसेंबर-जानेवारीत मोजणी करावी आणि फेब्रुवारी पुनर्मोजणीसाठी राखून ठेवावा. प्रत्येक विद्यार्थी हा राखीव महिनाच आधी उडवतो. खाऱ्या पाण्यात संवेदकावर शेवाळ आणि कालवे धरतात व वाचन हळूहळू भरकटते, म्हणून दर आठवड्याला तो पुसून, पुसण्याआधीचे आणि नंतरचे वाचन वहीत नोंदवावे. काही ठिकाणी मासळीसाठी मुद्दाम खारे पाणी आत घेतात. अशा दिवसांची वाढ गळती ठरू नये, म्हणून तारखा शेतकऱ्यांना विचारूनच मार्गदर्शकांसह वेळापत्रक पक्के करावे.

प्रश्न: एका दुकानात गोषवाऱ्यासह तयार प्रकल्प मिळतो. घ्यावा का?

घेऊ नये, मानस कोणत्या गावची आणि मोजणी कोणत्या तिथीची, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या दुकानात मिळत नाहीत.